बँकेला द्यायचा अर्ज: जुगाराची वाट नेमकी कुठे अडवायची

‘माझ्या डेबिट कार्डावरून जुगाराचे व्यवहार होऊ देऊ नका’ एवढ्याच मजकुराचा अर्ज यावलच्या एखाद्या बँकशाखेत कोणी दिला, तर शाखाधिकारी तो ठेवून घेईल, पण त्याचे करायचे काय हे त्याला कळणार नाही. त्याच्या संगणकावर ‘जुगार बंद’ असे बटण नसते. काही दिवसांनी खातेदार पुन्हा पैसे घालवून बसतो आणि बँकेने ऐकले नाही असे म्हणतो. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केले. दोघांचेही म्हणणे खरे असते. चूक अर्जाच्या भाषेत असते. खातेदार व्यवहाराचा हेतू सांगतो, बँकेच्या यंत्रणेला मात्र हेतू दिसत नाही. तिला पैसे जाण्याचा मार्ग, रक्कम आणि वेळ एवढेच दिसते. म्हणून अर्ज हेतूच्या भाषेत न लिहिता मार्ग, मर्यादा आणि विलंब यांच्या भाषेत लिहिला, तर आजच्या नियमांतसुद्धा बरेच काही अडवता येते. ते कसे, आणि त्यातही काय अडवता येत नाही, हे समजून घ्यायचे तर कार्ड चालते कसे इथून सुरुवात करावी लागते.

कार्डाने पैसे भरताना दुकानदाराच्या बँकेकडून आपल्या बँकेकडे एक छोटा निरोप येतो. त्यात रक्कम, दुकानदाराचे नाव, देश आणि व्यवसायाचा प्रकार सांगणारा चार अंकी संकेतांक असतो. त्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात. पैजा, कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती यांसाठी ठरलेला प्रमुख संकेतांक ७९९५ आहे. हा अंक ग्राहक ठरवत नाही आणि त्याची बँकही ठरवत नाही. दुकानदाराला पैसे स्वीकारण्याची सोय देणारी बँक तो लावते. ब्रिटनमध्ये मॉन्झो आणि स्टार्लिंग या मोबाइलवर चालणाऱ्या बँकांनी २०१८ मध्ये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बार्कलेजसारख्या जुन्या बँकेने ग्राहकाला याच संकेतांकावर आधारलेली सोय दिली. ग्राहकाने ॲपमध्ये ती चालू केली की जुगाराचा संकेतांक असलेला प्रत्येक निरोप बँक नाकारते. मॉन्झोने त्यात एक पायरी जास्त ठेवली. ही अडवणूक काढून टाकायची तर आधी ग्राहकसेवेशी बोलावे लागते आणि त्यानंतरही ४८ तास थांबावे लागते. या सोयीचा खरा उपयोग त्या ४८ तासांत आहे, हे पुढे पुन्हा लागणार आहे.

हीच सोय भारतात जशीच्या तशी आणली तर ती बऱ्याच अंशी आंधळी ठरेल. ब्रिटनमध्ये पैजा घेणाऱ्या कंपन्या परवानाधारक आहेत, त्यामुळे त्यांच्यावर खरा संकेतांक लागतो. आपल्याकडे पैशांच्या खेळांच्या कंपन्या अनेक वर्षे आपण ‘कौशल्याचा खेळ’ चालवतो, जुगार नव्हे, असे न्यायालयात मांडत आल्या. जी कंपनी स्वतःला जुगार मानत नाही, तिच्यावर जुगाराचा अंक लागेल याची खात्री धरता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, कार्डाने आधी एखाद्या वॉलेटमध्ये पैसे भरले आणि तिथून खेळात टाकले, तर बँकेला फक्त वॉलेट भरल्याचे दिसते. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: बेकायदा संकेतस्थळे हल्ली पैसे कंपनीच्या नावाने घेतच नाहीत. ती एखाद्या सामान्य माणसाचा यूपीआय पत्ता किंवा खाते क्रमांक देतात. ते खाते भाड्याने घेतलेले असते आणि काही दिवसांनी बदलते. बँकेच्या नोंदीत तो व्यवहार एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले दोन हजार रुपये असाच दिसतो. भाच्याला शिकवणीची फी पाठवली तरी नोंद तशीच उमटते. अशा व्यवहारात ओळखायला संकेतांकच नसतो.

आता तर कायद्यानेच बंदी आली, मग अर्जाची गरज काय, असा प्रश्न इथे साहजिक आहे. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, एकाच बंदीखाली आणले. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. बँकांनी आणि वित्तसंस्थांनी अशा खेळांचे पैसे पुढे पाठवू नयेत, असेही कायदा सांगतो आणि त्यासाठीही तेवढीच शिक्षा ठेवतो. खेळणाऱ्याला मात्र कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि अर्ज देताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कायदा मंजूर होताच ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या. पण बंदीचा एक परिणाम सरळ आहे. नाव-पत्ता असलेल्या कंपन्या बाजूला झाल्या, आणि ज्याला खेळायचेच आहे त्याच्यासमोर उरली ती परदेशातून चालणारी, भाड्याच्या खात्यांवर पैसे घेणारी संकेतस्थळे. बँक जे ओळखू शकली असती ते बंद झाले आणि जे ओळखता येत नाही तेवढे उरले. त्यामुळे कायदा आल्यावर खातेदाराने स्वतः मार्ग अडवण्याची गरज वाढली आहे.

मार्ग अडवायचे एक साधन मात्र आपल्याकडे प्रत्येक कार्डधारकाच्या हातात आहे, आणि ते ब्रिटनच्या बटणापेक्षा एका अर्थाने व्यापक आहे. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकाने कार्ड देणाऱ्या बँकांवर एक बंधन घातले. कार्डाचे एटीएममधले, दुकानातले, ऑनलाइन आणि टेकवून करायचे व्यवहार, देशातले वेगळे व परदेशातले वेगळे, असे प्रत्येक प्रकारचे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला चोवीस तास मिळाली पाहिजे. ती मोबाइल ॲप, नेटबँकिंग, एटीएम किंवा फोनवरच्या स्वयंचलित सेवेतून द्यायची. शाखेतूनही देता येते. बदल झाला की ग्राहकाला संदेश आला पाहिजे. म्हणजे ‘जुगार बंद करा’ ही मागणी बँक पुरी करू शकत नसली, तरी ‘माझ्या कार्डाचे सर्व ऑनलाइन व्यवहार बंद करा, परदेशी व्यवहार बंद करा, एटीएमची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणा’ ही मागणी तिला टाळता येत नाही. ऑनलाइन बंद केले की रेल्वेचे तिकीट आणि विजेचे बिलही त्या कार्डाने भरता येणार नाही, ही त्याची किंमत आहे. परदेशी व्यवहार बंद करण्यात यावलमधल्या बहुतेक खातेदारांचे काहीच जात नाही. शिवाय लॉटरीची तिकिटे, सट्टा-शर्यती यांसाठी परदेशात पैसे पाठवणे परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार तसेही निषिद्ध आहे.

एवढे करून माणूस निश्चिंत झाला तर फसतो, कारण डेबिट कार्डाची ऑनलाइन सोय बंद केल्याने यूपीआय बंद होत नाही. यूपीआय कार्डातून जात नाही, ते थेट खात्यातून पैसे उचलते. कार्डाचा संबंध फार तर यूपीआयचा पिन पहिल्यांदा ठरवताना येतो, आणि तोही आता आधारच्या साहाय्याने टाळता येतो. केळीच्या बागेत ठिबकचा एक कॉक बंद केला आणि बाकीचे चालू राहिले तर पाणी वाहतच राहते, तसेच हे आहे. म्हणून अर्जाचा विषय ‘डेबिट कार्ड’ असला तरी मजकूर खात्याबद्दल असायला हवा. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंगमधून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवणे आणि एकदा मंजुरी देऊन ठेवलेली आपोआप कपात असे चार रस्ते एकाच खात्यातून बाहेर पडतात. अनेक बँका खात्यापुरते यूपीआय बंद करून देतात. आपोआप कपातीची यादी यूपीआयच्या ॲपमध्ये आणि बँकेच्या पोर्टलवर दिसते, तिथून प्रत्येक नोंद रद्द करावी लागते. शेतकऱ्याच्या बाबतीत पाचवा रस्ताही असतो. किसान क्रेडिट कार्डाबरोबर रुपे कार्ड मिळालेले असते आणि त्याची मर्यादा म्हणजे पीककर्ज. बचत खाते रिकामे झाले की हात तिकडे जातो, आणि तिथून गेलेला रुपया केवळ गेलेला नसतो, तो कर्ज होऊन परत येतो. अर्जात त्या कार्डाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा.

यावल तालुक्याच्या संदर्भात रकमेचा मुद्दा विशेष आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात केळी हे मुख्य पीक, आणि केळीचा पैसा पगारासारखा महिन्याला ठरावीक येत नाही. कटाई झाली, व्यापाऱ्याने हिशेब केला, की मोठी रक्कम खात्यात पडते आणि पुढचे कित्येक महिने तीच पुरवायची असते. पगारदार माणूस वाहवत गेला तर महिन्याचा पगार घालवतो. केळी उत्पादक वाहवत गेला तर हंगाम घालवतो. समजा, एखाद्या खात्यात कटाईचे तीन लाख रुपये जमा झाले आहेत. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख आहे. म्हणजे दुसरे काहीही न करता, फोनवरच्या चार-सहा आकड्यांच्या पिनवर ते खाते तीन दिवसांत रिकामे होऊ शकते. आता रचना बदलून पाहू. घरखर्च आणि मजुरी मिळून महिन्याला १८ हजार लागतात असे धरू, म्हणजे आठवड्याला साधारण साडेचार हजार. तीन लाख एका खात्यात राहतात. त्या खात्याला कार्ड नाही, यूपीआय नाही. दुसरे छोटे खाते रोजच्या वापराचे, त्याला कार्डही आहे आणि यूपीआयही. पहिल्या खात्यातून दर सोमवारी साडेचार हजार दुसऱ्यात वळते करण्याची स्थायी सूचना बँकेला दिलेली आहे. खत, पाइप, डिझेल अशा मोठ्या खर्चासाठी दुकानदाराच्या नावाने धनादेश. आता वाईटात वाईट रात्र आली तरी जाईल ते साडेचार हजार. जुगाराची ओढ जराही कमी झालेली नाही, पण एका रात्रीत होणारे नुकसान तीन लाखांवरून साडेचार हजारांवर आले आहे. बँकेच्या सोयीतून एवढेच मिळते, आणि ते कमी नाही.

मोठे खाते बंद ठेवायचे कसे, हा यातला कळीचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सोयीत एक मूळचा दोष आहे: बंद करणे जितके सोपे, तितकेच पुन्हा चालू करणेही. रात्री साडेअकराला हरलेला माणूस अकरा पस्तीसला ॲपमध्ये जाऊन सकाळी बंद केलेली सोय चालू करू शकतो. मॉन्झोच्या ४८ तासांसारखा विलंब आपल्याकडे नियमाने मिळत नाही. अर्जात तो मागता येतो, पण बँक तो देण्यास बांधील नाही. मात्र जुन्या बँकिंगमध्ये विलंब आपोआप होताच, आणि तो आजही मिळतो. संयुक्त खाते ‘कोणीही एक’ या पद्धतीने चालवले तर त्यातला एक जण एकट्याने पैसे काढू शकतो. तेच खाते ‘दोघांच्या सहीने’ चालवायचे ठरवले की एकट्याला काहीच काढता येत नाही, आणि अशा खात्याला बँका साधारणपणे डेबिट कार्ड व यूपीआय देत नाहीत. पैसे काढायचे तर बँकेच्या वेळेत, स्लिपवर किंवा धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात. दोन नावांची आणि दोन सह्यांची मुदत ठेवही मुदतीआधी मोडायला दोघे लागतात. ज्याला दुसरी व्यक्ती सामील करायची नाही त्याने निदान मोठ्या खात्याचे कार्ड बँकेत परत करावे, यूपीआय बंद करून घ्यावे आणि पासबुक-स्लिपवर यावे. त्यात शाखेपर्यंत जाण्याचा आणि रांगेत उभे राहण्याचा वेळ मिळतो.

आता अर्ज. तो शाखा व्यवस्थापकाच्या नावे दोन प्रतींत लिहावा. एक प्रत शाखेत द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घेऊन पोच ठेवावी. हाच मजकूर बँकेत नोंदवलेल्या ई-मेलवरून पाठवला तर आणखी चांगले. मजकूर साधारण असा असावा:

“प्रति, शाखा व्यवस्थापक, शाखा यावल. विषय: खात्यावरील व्यवहारांवर मर्यादा घालण्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते असून त्याचे शेवटचे चार अंक अमुक आहेत. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर माझ्याकडून वारंवार ठरवल्यापेक्षा जास्त खर्च झाला आहे. तो थांबवण्यासाठी पुढील बदल करावेत ही विनंती. एक, डेबिट कार्डावरील देशातील ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून करायचे सर्व व्यवहार बंद करावेत. दोन, एटीएम व दुकानातील व्यवहारांची मर्यादा प्रत्येकी दिवसाला दोन हजार रुपये ठेवावी. तीन, या खात्यावरील यूपीआय बंद करावे. ते शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे. चार, नेटबँकिंग व मोबाइल बँकिंगमधून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याची सोय बंद करावी. पाच, या खात्यावर नोंदलेल्या आपोआप कपातीच्या सर्व मंजुऱ्यांची यादी मला द्यावी. सहा, पूर्वमंजूर कर्ज, ओव्हरड्राफ्ट किंवा क्रेडिट कार्डाचे प्रस्ताव मला पाठवू नयेत. सात, किसान क्रेडिट कार्डाच्या रुपे कार्डावरही पहिला व दुसरा बदल लागू करावा. आठ, यातील कोणतीही सोय मी पुन्हा मागितल्यास ती फक्त शाखेत समक्ष लेखी अर्जावर आणि किमान सात दिवसांनंतर द्यावी. असे करणे आपल्या नियमांत बसत नसल्यास तेही कळवावे. ऑनलाइन पैशांच्या खेळांसाठी जुगाराच्या संकेतांकावर व्यवहार अडवण्याची सोय आपल्या बँकेत असल्यास तीही लागू करावी.”

या अर्जात पूर्ण कार्ड क्रमांक, कार्डामागचे तीन अंक, पिन किंवा ओटीपी लिहायचा नाही. बँकेला त्यातले काहीच लागत नाही, आणि मागणारा माणूस बँकेचा नसतो. कारण एका वाक्यातच सांगितले आहे, तेही मुद्दाम. कारण सांगणे बंधनकारक नाही, पण नुसते ‘बंद करा’ म्हटले तर काउंटरवरचा कर्मचारी ‘कशाला बंद करता, गैरसोय होईल’ असे म्हणून सोय चालू ठेवण्याचा सल्ला देईल. एका वाक्यात कारण दिले की तो सल्ला थांबतो. ‘शक्य नसल्यास लेखी कळवावे’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत, कारण नेमका कोणता रस्ता उघडा राहिला हे खातेदाराला कळले पाहिजे. काही दिवसांत उत्तर आले नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहावे. तक्रारीनंतर ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. लोकपाल बँकेकडून २०२० च्या परिपत्रकातील सोय मिळवून देऊ शकतो. गेलेले पैसे परत मिळवून देईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

अर्ज लागू झाला की नाही हे स्वतः तपासावे लागते. प्रत्येक बदलाचा संदेश फोनवर आला पाहिजे; चार बदल मागितले आणि दोनच संदेश आले तर दोन झालेले नाहीत. दहा रुपयांचे रिचार्ज कार्डाने करून पाहावे, ते नाकारले गेले तर ऑनलाइन सोय खरोखर बंद आहे. नवे कार्ड आले, मुदत संपून बदलले किंवा खाते दुसऱ्या ॲपशी जोडले, की पुन्हा पाहावे. त्याआधी एकदा, अर्ज लिहिण्यापूर्वी, तीन महिन्यांचे खाते विवरण छापून घ्यावे आणि खेळात गेलेल्या रकमा पेनाने अधोरेखित कराव्यात. तिथे एक ठरावीक ओळ दिसते: रात्रीच्या वेळी थोड्या थोड्या मिनिटांनी पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार. प्रत्येक वेळी दुप्पट, कारण प्रत्येक वेळी आधीचे भरून काढायचे असते. त्या चार ओळींत साडेसात हजार गेलेले असतात, आणि लावताना एकही रक्कम मोठी वाटलेली नसते. ही ओळ दिसली की प्रश्न करमणुकीचा उरलेला नाही हे समजावे. हे विवरण वाचताना आणखी एक मोह होतो, आपणच केलेला व्यवहार ‘माझी फसवणूक झाली’ म्हणून नोंदवण्याचा. तो टाळावा. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम स्वतः पिन टाकून केलेल्या व्यवहाराला लागू होत नाहीत, आणि खोटी तक्रार वेगळे संकट ओढवते. जिंकलेले पैसे भाड्याच्या खात्यातून आपल्या खात्यात आले असतील, तर सायबर गुन्ह्याच्या तपासात आपलेच खाते गोठवले जाऊ शकते. आपले खाते वा कार्ड कोणाला वापरायला देणे तर त्याहून धोक्याचे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की ज्याला खेळायचेच आहे तो वाट काढेलच. तो मित्राच्या फोनवरून खेळेल, रोख काढेल, कर्जाच्या ॲपकडे जाईल. हे खरे आहे, आणि ब्रिटनमधल्या बँकांची संकेतांकावर आधारलेली सोयही खात्यावरून थेट पाठवलेले पैसे किंवा रोख अडवत नाही. पण हा आक्षेप असे गृहीत धरतो की खेळण्याची इच्छा दिवसभर सारखीच तीव्र असते. खाते विवरणातली ती रात्रीची चढती ओळ वेगळे सांगते: हरल्यानंतरच्या थोड्या वेळात ओढ शिगेला जाते आणि नंतर ओसरते. अडथळा तेवढा वेळ टिकला तरी पुरतो. अडथळ्याने प्रत्येक पुढच्या पावलाला दुसऱ्या माणसाची, दुसऱ्या जागेची किंवा दुसऱ्या दिवसाची गरज लागते, आणि तितक्या पावलांत अनेकदा माणूस थांबतो. ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून आणि ऑस्ट्रेलियाने जून २०२४ पासून ऑनलाइन पैजांसाठी क्रेडिट कार्ड बंद केले, तेही याच तर्काने: उसन्या पैशाचा सर्वांत सोपा रस्ता तरी काढून घ्यावा.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. प्रौढ माणसाच्या पैशांत बँकेने नाक का खुपसावे? पण हा अर्ज बँकेचा नाही, खातेदाराचा आहे. बँक त्याच्यावर काही लादत नाही. सकाळी विचारपूर्वक घेतलेला त्याचा निर्णय त्याने रात्री मोडू नये, एवढी व्यवस्था करते. बँकेलाही यात रस असायला हवा. २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात ब्रिटनच्या एका मोठ्या बँकेच्या सुमारे ६५ लाख ग्राहकांच्या निनावी व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुगारावरचा खर्च जास्त, तिथे थकलेले हप्ते आणि महागड्या अल्पमुदतीच्या कर्जांचा आधारही जास्त, असे त्यात दिसले. जुगारामुळेच हप्ते थकले असे या अभ्यासातून थेट सिद्ध होत नाही, पण पीककर्ज देणाऱ्या बँकेने दुर्लक्ष करावे इतका हा संबंध क्षुल्लकही नाही.

तिसरी अडचण तालुक्याच्या गावातच समजते. शाखेतला शिपाई ओळखीचा, रोखपाल दूरचा नातेवाईक; असा अर्ज दिला की गावभर होईल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. मर्यादांचे बहुतेक बदल ॲपमधून किंवा एटीएमवरून स्वतः करता येतात आणि त्यांना कारण द्यावे लागत नाही. अर्जातले कारणाचे वाक्यही गाळता येते, किंवा अर्ज ई-मेलने बँकेच्या मुख्य कार्यालयाला पाठवता येतो. दोन सह्यांच्या खात्याच्या बाबतीत मात्र लपवाछपवीला जागा नाही, आणि तिथे दुसरी सही कोणाची हा निर्णय घाईने घेऊ नये. पैशावर आधीच एकाच माणसाचा धाक असलेल्या घरात दुसरी सही त्याच्या हाती देणे म्हणजे दुसरी अडचण निर्माण करणे; अशा वेळी एकट्याचे, पण कार्ड आणि यूपीआय नसलेले खाते बरे.

शेवटचा मुद्दा मनोनिग्रहाचा. ‘एवढे खटाटोप कशाला, ठरवले की सुटते’ असे म्हणणारे भेटतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात ठेवले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. वारंवार ठरवूनही सुटत नसेल तर बँकेचा अर्ज पुरेसा नाही, उपचार लागतात. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीत बोलता येते. पण उपचारांचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि त्या काळात खाते शाबूत राहिले पाहिजे. म्हणून अर्ज आधी द्यावा. तो हरलेल्या रात्री लिहू नये. शांत सकाळी लिहावा, शाखा उघडताच न्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.